दुकान हललं, पत्ता तिथेच राहिला: फ्रँचायझीचं स्टोअर लोकेटर कसं उभं करायचं

स्टोअर लोकेटर म्हणजे वेबसाइटवरचं ते पान, जिथे गिऱ्हाईक बघतं की तुमचं जवळचं आउटलेट कुठे आहे. हा विषय व्हिडिओत घेतला असता, पण शीटचे कॉलम मोबाईलच्या स्क्रीनवर धड दिसत नाहीत. म्हणून यावेळी सविस्तर लिहूनच देतोय. चहा घेऊन बसा.

सुरुवात एका फोनने करतो. मी ज्यांना मार्गदर्शन करतो अशी एक चहा-नाश्त्याची चेन आहे, नाव नको. नऊ आउटलेट. पुण्यात चार, नाशिकला दोन, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि डोंबिवलीला एकेक. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या फ्रँचायझीवाल्याचा भाडेकरार संपला आणि तो चारशे मीटरवरच्या दुसऱ्या गाळ्यात गेला. महिन्याभराने त्याचा फोन आला. चांगलाच तापलेला होता. म्हणाला, "सर, मी दर महिन्याला रॉयल्टी भरतो ती ब्रँडच्या नावाची ना? मग ब्रँडचं नाव टाकल्यावर गिऱ्हाईक मोबाईल कव्हरच्या दुकानात का जातंय?"

जुन्या गाळ्यात आता मोबाईल कव्हरचं दुकान होतं. वेबसाइटवर पत्ता नवीन होता, गुगल मॅप्सवर जुना, आणि इन्स्टाग्रामवर जो फोन नंबर होता तो तर एका सोडून गेलेल्या मॅनेजरचा निघाला. तिन्ही ठिकाणं आपापल्या परीने "बरोबर" होती, फक्त वेगवेगळ्या वर्षांसाठी.

मग आम्ही एक दुपार बसलो आणि नऊही आउटलेटची माहिती चार ठिकाणांहून उतरवून काढली: वेबसाइट, गुगल, इन्स्टाग्राम आणि डिलिव्हरी ॲप. चारही ठिकाणी सगळं जुळणारी आउटलेट किती? दोन. तुमच्याकडे तीनच आउटलेट असली तरी हे आज करून बघा. तासाभराचं काम आहे, आणि हे केल्याशिवाय लोकेटर बनवायला घेऊ नका. नाहीतर चुकीची माहिती जास्त सुंदर दिसेल, एवढाच फरक पडेल.

आधी शीट, मग वेबसाइट

बहुतेक जण इथे चुकतात. वेब डिझायनरला फोन करतात आणि म्हणतात, "नकाशा टाकून दे, पिना टाकून दे." तो देतो. पण पिनांमागची माहिती कुठून आली? व्हॉट्सॲपवर आलेल्या नऊ मेसेजमधून. कुणी "बँकेच्या समोर" लिहिलं, कुणी गाळा नंबर विसरला, कुणी पिनकोडच दिला नाही.

म्हणून आधी एक मास्टर शीट. साधं गुगल शीट चालतं. एका आउटलेटची एक ओळ. नियम एकच: पत्ता, नंबर किंवा वेळ बदलायची असेल तर आधी शीटमध्ये बदलायची आणि मग बाकी सगळीकडे. शीटमध्ये बदल करण्याचा हक्क हेड ऑफिसमधल्या एकाच माणसाला. बाकीच्यांनी बघायचं.

पहिला कॉलम आउटलेट कोडचा. नाशिकच्या कॉलेज रोडला आम्ही `NSK-01` दिला. दुकान हललं तरी कोड तोच राहतो आणि आउटलेट बंद पडलं तरी तो कोड दुसऱ्याला द्यायचा नाही. हा कोड गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण तुमच्या बिलिंगमध्ये, रॉयल्टीच्या हिशेबात आणि गुगलच्या लिस्टिंगमध्ये तोच वापरला की "नाशिकवालं, म्हणजे नेमकं कोणतं?" हा प्रश्न कायमचा संपतो.

पत्ता एकाच कॉलममध्ये कोंबू नका. गाळा आणि इमारत वेगळी, रस्ता वेगळा, भाग वेगळा, शहर वेगळं, पिनकोड वेगळा. लँडमार्कला स्वतंत्र कॉलम द्या, कारण लँडमार्क आपल्याला न विचारता बदलतो. आमच्या हडपसरच्या आउटलेटच्या पत्त्यात ज्या बँकेचा उल्लेख होता, ती बँकच तिथून दुसरीकडे गेलेली होती! पत्ता बरोबर होता, पण माणसं बँक शोधत फिरत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही लोक तुम्हाला घाबरवतील की एका ठिकाणी "रोड" आणि दुसरीकडे "रस्ता" लिहिलं तर गुगल तुम्हाला खाली ढकलेल. एवढं नाजूक नसतं ते. गाळा नंबर, पिनकोड, फोन, वेळ आणि नाव, यात फरक पडता कामा नये. स्वल्पविरामासाठी रात्र जागवू नका. भागाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र एकदाच ठरवा, कारण ते पुढे पानाच्या पत्त्यात जाणार आहे.

नावाच्या कॉलममध्ये फक्त ब्रँडचं नाव, पाटीवर आहे तसंच. आमच्या एका फ्रँचायझीवाल्याने गुगलवर ब्रँडच्या नावापुढे "बेस्ट चहा नाश्ता पुणे" असं जोडून ठेवलं होतं. त्याला वाटलं, हुशारी केली. गुगलच्या नियमात हे बसत नाही. नाव दुकानावर जे आहे तेच हवं आणि एका चेनच्या सगळ्या शाखांचं नाव सारखंच हवं. नियम मोडल्यावर लिस्टिंग सस्पेंड होऊ शकते, आणि ती परत मिळवेपर्यंत नकाशावर तुम्ही नसता.

फोन नंबरच्या कॉलमला शीटमध्ये "प्लेन टेक्स्ट" फॉरमॅट द्या. नाहीतर 020 मधलं पहिलं शून्य गायब होतं आणि लँडलाइन लागतच नाही. आणि नंबर कुणाचा, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो, कारण तिथे भांडणं होतात.

वेळेचं बघा. चहा-नाश्त्याचं दुकान बऱ्याचदा दोन पाळ्यांत चालतं. कॉलेज रोडचं सकाळी साडेसहा ते साडेअकरा आणि दुपारी चार ते रात्री नऊ, सोमवारी बंद. शीटमध्ये मात्र "6:30 ते 9" लिहिलं होतं. म्हणजे दुपारी दोन वाजता आलेल्या माणसाला वेबसाइट सांगत होती की दुकान उघडं आहे. दोन पाळ्या असतील तर वेळेचे चार कॉलम करा. गुगल लिस्टिंगमध्येही एका दिवसाला दोन वेळा टाकता येतात. दिवाळी, गणपती अशा दिवसांसाठी "स्पेशल अवर्स" वेगळे भरता येतात, त्यासाठी नेहमीच्या वेळा बदलायची गरज नाही.

राहिले अक्षांश-रेखांश. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, दुकानाच्या दारावर झूम करा, उजवं क्लिक करा, दोन आकडे दिसतील. दशांश चिन्हापुढे किमान चार आकडे घ्या. चार आकडे म्हणजे साधारण अकरा मीटरची अचूकता. दोनच घेतले तर पिन किलोमीटरभर सरकू शकते. आणि क्रम लक्षात ठेवा. महाराष्ट्रात अक्षांश 15 ते 22 च्या आसपास असतो, रेखांश 72 ते 81 च्या. म्हणजे पहिला आकडा कायम लहान. उलटे टाकलेत तर तुमचं पुण्याचं दुकान नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसेल.

प्रत्येक आउटलेटला स्वतःचं पान

शीट झाली की वेबसाइट सोपी. प्रत्येक आउटलेटला स्वतःचं पान आणि त्या पानाला कायमचा पत्ता. आमचा साचा असा होता:

```
example.com/outlets/
example.com/outlets/pune/
example.com/outlets/pune/kothrud/
example.com/outlets/nashik/college-road/
```

वरचं मुख्य पान, त्याखाली शहर, त्याखाली आउटलेट. पत्त्यात गाळा नंबर किंवा इमारतीचं नाव घालू नका. घातलं असतं तर नाशिकचं दुकान हलल्यावर पानाचा पत्ताही बदलावा लागला असता.

आउटलेटच्या पानावर काय हवं? पूर्ण पत्ता, लँडमार्क, टॅप केल्यावर लागणारा फोन नंबर, वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि "रस्ता दाखवा" हे बटण. शिवाय त्या दुकानाचा खरा फोटो, म्हणजे रस्त्यावरून शटर आणि पाटी कशी दिसते तो. हेड ऑफिसने स्टुडिओत काढलेला कटिंगचा फोटो इथे उपयोगाचा नाही. माणूस गाडीवरून येताना पाटी शोधत असतो.

नकाशा पानात बसवायचाच, असं काही नाही. नऊ आउटलेटसाठी माझं मत आहे, नकोच. पान जड होतं, आणि गुगलचा कस्टम नकाशा बसवायला बिलिंग अकाउंट जोडावं लागतं. त्याऐवजी बटणाला ही लिंक द्या, शेवटी तुमचे अक्षांश-रेखांश टाकून. याला ना खातं लागतं ना पैसे, फोनमधलं मॅप्स ॲप थेट उघडतं:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&destination=18.5074,73.8077
```

वेब डेव्हलपरला आणखी एक गोष्ट सांगा: पानाच्या कोडमध्ये हीच माहिती "स्कीमा" पद्धतीने भरायची. सर्च इंजिनला पत्ता कोणता, वेळ कोणती, हे त्यातून स्वच्छ कळतं. नाव आणि पत्ता बहुतेक डेव्हलपर बरोबर भरतात, चूक होते ती दोन पाळ्यांच्या वेळेत. तिथे दोन वेगळ्या नोंदी लागतात:

```json
"openingHoursSpecification": [
  {
    "@type": "OpeningHoursSpecification",
    "dayOfWeek": ["Tuesday", "Wednesday", "Thursday",
                  "Friday", "Saturday", "Sunday"],
    "opens": "06:30", "closes": "11:30"
  },
  {
    "@type": "OpeningHoursSpecification",
    "dayOfWeek": ["Tuesday", "Wednesday", "Thursday",
                  "Friday", "Saturday", "Sunday"],
    "opens": "16:00", "closes": "21:00"
  }
]
```

हे तुम्हाला लिहिता आलं पाहिजे असं नाही. पण डेव्हलपरने दिलेल्या कोडमध्ये एकच "opens" दिसला तर विचारता आलं पाहिजे.

शहराचं पान: इथेच लबाडी होते

या चेनला आधी एका एजन्सीने "सगळ्या महाराष्ट्रात रँक करून देतो" म्हणून 36 जिल्ह्यांची 36 पानं करून दिली होती. मजकूर एकच, फक्त जिल्ह्याचं नाव बदललेलं. "लातूरमधील सर्वोत्तम चहा" असं पान होतं आणि लातूरला आउटलेटच नव्हतं! तिथल्या माणसाने क्लिक केलं तर त्याला पुण्याचा फोन नंबर मिळायचा. अशा पानांना गुगल "डोअरवे" म्हणतं आणि ती त्यांच्या स्पॅमच्या नियमात येतात. आम्ही सगळी काढली.

जिथे आउटलेट आहे तिथेच शहराचं पान. आणि माझ्या मते शहरात किमान दोन आउटलेट असतील तरच. कोल्हापूरला एकच आहे, तर मुख्य पानावरचं "कोल्हापूर" थेट त्या आउटलेटच्या पानावर जातं. मधे एक रिकामं पान कशाला? दुसरं आउटलेट उघडलं की शहराचं पान बनवायचं.

पुण्याच्या पानाचं काम एकच आहे: चारपैकी कुठे जायचं, हे माणसाला ठरवता आलं पाहिजे. फक्त चार पत्ते एकाखाली एक लावले तर ते होत नाही. आम्ही प्रत्येक फ्रँचायझीवाल्याला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे काय आहे जे बाकी तिघांकडे नाही?" सदाशिव पेठेत बसायला जागा नाही, उभ्यानेच प्यायचा, पण सकाळी सगळ्यात आधी तेच उघडतं. हडपसरला चारचाकी लावता येते. वाकडला रात्री उशिरापर्यंत चालू. कोथरूडला वर फॅमिलीसाठी बसायची सोय. प्रत्येक नावाखाली अशी एक ओळ टाकली आणि पान कामाचं झालं. हा मजकूर कुठल्याही एजन्सीला पुण्याबाहेर बसून लिहिता आला नसता.

मग वाकडचा प्रश्न आला. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, पण तिथला माणूस पत्त्यात पुणे लिहितो आणि पिनकोडही 411057 आहे. आम्ही वाकडला पुण्याच्या पानावरच ठेवलं आणि भागाच्या नावापुढे "पिंपरी-चिंचवड" लिहिलं. एकाच आउटलेटची दोन पानं मात्र केली नाहीत. दोन केली की एक बदलायचं राहतंच, हे ठरलेलं.

दुसरा प्रश्न नावांचा. औरंगाबादचं अधिकृत नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, आणि 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. लोक अजून दोन्ही नावांनी शोधतात. पान एकच ठेवा, नाव अधिकृत, आणि मजकुरात एका वाक्यात जुनं नाव येऊ द्या. जुन्या नावाने पान आधीच असेल तर ते उडवू नका, त्यावरून नव्या पानावर कायमचं रिडायरेक्ट लावा. डेव्हलपर त्याला 301 म्हणतो.

मुख्य लोकेटर पानाबद्दल एवढंच: वर शहरांची साधी यादी, प्रत्येक नावाला लिंक. पिनकोडचा शोध आणि "माझं लोकेशन वापरा" हे नंतरचं. लोकेशनची परवानगी बरेच जण नाकारतात. आणि नुसता शोधाचा डबा ठेवलात तर सर्च इंजिनचा रोबो त्यात काही टाइप करत नाही, तो लिंकवरून लिंकवर जातो. यादी नसेल तर तुमची आउटलेटची पानं त्याला सापडणं कठीण. पन्नासेक आउटलेट होईपर्यंत यादी पुरते.

नंबर कुणाचा, लिस्टिंग कुणाची

आता भांडणाकडे येऊ. कोथरूडच्या आधीच्या फ्रँचायझीवाल्याने करार सोडला. जाताना त्याने पाटी काढली, पण गुगलची लिस्टिंग त्याच्या स्वतःच्या जीमेलवर होती आणि त्यावर त्याचाच मोबाईल नंबर. त्याच गाळ्यात त्याने स्वतःच्या नावाने चहा सुरू केला आणि लिस्टिंगचं नाव बदललं. तीन वर्षांचे रिव्ह्यू ब्रँडच्या चहाला मिळालेले, दिसू लागले त्याच्या दुकानाखाली. कायदेशीर नोटीस वगैरे झाली, पण तोवर गिऱ्हाईक तिकडे जायचं ते गेलंच.

त्याला दोष द्यायच्या आधी स्वतःला विचारा: करारात काही लिहिलं होतं का? नव्हतं. आता प्रत्येक आउटलेटचा नंबर कंपनीच्या नावावरच्या सिमचा आहे आणि तो फ्रँचायझीवाल्याच्या फोनवर फॉरवर्ड होतो. गुगल लिस्टिंगचा प्रायमरी ओनर कंपनीचा ईमेल, फ्रँचायझीवाला मॅनेजर. मॅनेजर फोटो टाकू शकतो, रिव्ह्यूला उत्तर देऊ शकतो, वेळा बदलू शकतो, पण ओनरला काढू शकत नाही. आणि करारात कलम: नंबर, लिस्टिंग आणि पेजचं लॉगिन कंपनीचं, करार संपला की परत. कलमाची भाषा वकिलाकडून घ्या, माझ्याकडून नको.

वेळा बदलायचा हक्क मॅनेजरला आहे म्हणजे शीटचा नियम मोडायची सोयही आहे, हे लक्षात असू द्या. आमच्याकडे ठरलं की त्याने आधी हेड ऑफिसला मेसेज करायचा. दोन जण अजून विसरतात.

दहा किंवा जास्त आउटलेट झाली की गुगल बल्क व्हेरिफिकेशन देतं, म्हणजे एकेका दुकानाचं वेगळं व्हेरिफिकेशन करत बसावं लागत नाही, आणि शीट अपलोड करून सगळ्यांची माहिती एकदम भरता येते. त्या शीटमध्ये आउटलेट कोडचा कॉलम असतोच. आपला पहिला कॉलम तिथे कामाला येतो. आमची चेन नऊवर आहे, दहाव्याची पाटी रंगतेय.

दुकान हललं तर नवी लिस्टिंग काढू नका, जुन्याच लिस्टिंगमध्ये पत्ता बदला. पुन्हा व्हेरिफिकेशन मागू शकतात, ते करा. आउटलेट बंदच झालं तर लिस्टिंग अकाउंटमधून नुसती काढून टाकू नका, कारण नकाशावर ती तशीच दिसत राहू शकते. आधी "कायमचं बंद" अशी खूण करा. वेबसाइटवर त्या आउटलेटचं पान काही महिने ठेवा, "हे आउटलेट बंद झालं, जवळचं हे आहे" असं लिहून, आणि मग शहराच्या पानाकडे वळवा.

शीटचा शेवटचा कॉलम आहे "शेवटचं कधी तपासलं, कुणी". दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऑफिसमधली एक मुलगी नऊ नंबरांवर फोन लावते, वेळ विचारते आणि शीटशी ताडून बघते. "रस्ता दाखवा"च्या लिंकही एकेक उघडते.

पहिल्याच महिन्यात डोंबिवली सापडलं. दुकान पूर्वेला, पिनकोड 421201 बरोबर, फोन बरोबर, वेळा बरोबर. पण पिन पश्चिमेला! कुणीतरी मॅप्सवर नुसतं "डोंबिवली" टाकून जिथे नकाशा उघडला तिथलेच आकडे शीटमध्ये उचलले होते. फ्रँचायझीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हो ना, बरीच माणसं फोन करतात की आम्ही स्टेशनच्या पलीकडे उभे आहोत. मी त्यांना पूल ओलांडून या म्हणून सांगतो. मला वाटलं, नवीन माणसाचं असंच होत असणार." दीड वर्ष तो हेच सांगत होता. आकडे बदलायला दोन मिनिटं लागली.